दोघांचा पूल

(सीताबर्डीवरच्या एका सहकारी बँकेची शाखा. मागची स्टेशनरीची खोली, दुपारचे दोन. बँक एका मोठ्या बँकेत विलीन होतेय आणि त्या बँकेची शाखा याच रस्त्यावर आहे. मंगलाताईंच्या नोकरीला तीस वर्षं झाली, अमोलच्या नोकरीला चार.)

मंगलाताई : ये, पाटवडी आणली आज. काऊन असं तोंड करून राहिला? झोप नाही झाली का?

अमोल : साडेचारला उठून बसलो ताई. स्वप्नात तोच पूल पडला पुन्हा.

मंगलाताई : पूल? कोणता पूल?

अमोल : आपल्या रामझुल्यासारखा, तारांचा. मी गाडीवर, हँडलला डबा. पलीकडे उतरलो अन् मागे धाडकन आवाज. वळून पाहतो तर तारा लोंबकळून राहिल्या. खाली कोण होतं, ते काही दिसेना.

मंगलाताई : हसू नको, पण माझाही पडला. परवा.

अमोल : तुमचाही? चेष्टा करता का?

मंगलाताई : आईशप्पथ. माझा दगडी, पवनीकडे वैनगंगेवर असावा तसा. मी खाली वाळूत खुर्ची टाकून बसलेली. वरून एकेक दगड निखळतोय, पण अंगावर एकही नाही. अन् मला मेलं बरं वाटून राहिलं! उठून चहा केला, तरी बरंच वाटत होतं.

अमोल : बरं? पूल पडताना?

मंगलाताई : हो ना. तुझं काय म्हणणं, तुझ्या पुलाचं?

अमोल : आई म्हणते, पाणी ओलांडलं म्हणजे काम झालंच समज. टेकडीच्या गणपतीला नारळ फोडायला सांगितलं तिनं. पहाटेचं स्वप्न खरं होते म्हणे.

मंगलाताई : पहाटे स्वप्नं लांब पडतात अन् त्यातूनच जाग येते, म्हणून लक्षात राहतात. खरं-खोटं काही नाही त्यात. अन् पूल काय, ऑगस्ट २०१६मध्ये महाडचा सावित्रीवरचा पूल वाहून गेला, तेव्हा टीव्हीवर दिवसरात्र तेच पाहिलं आपण. डोक्यात राहते बाप्पा.

अमोल : मग दोघांनाही आत्ताच काऊन पडावं? विलीनीकरणाचं पत्र आल्यावरच?

मंगलाताई : विलीनीकरणाचं काय कौतुक? १ एप्रिल २०२०ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. त्यात कोणता पूल पडला? आयएफएससी कोड बदलले, चेकबुकं बदलली. लोक महिनाभर काउंटरवर भांडले अन् मग विसरले.

अमोल : लोक विसरले. स्टाफचं सांगा.

मंगलाताई : (थांबून) रस्सा घे आणखी. माझे मोठे दीर वैद्य आहेत. ते सांगतात, चरकानं स्वप्नांचे सात प्रकार केले. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छा असलेलं, कल्पनेतलं, पुढचं सांगणारं अन् शरीरातल्या दोषानं पडणारं. पहिल्या पाचांचं फळ काहीच नाही म्हणे. तुझं पहिल्यातलं, टीव्हीवर पाहिलेलं. नारळाचे पैसे वाचले तुझे.

अमोल : अन् तुमचं?

मंगलाताई : माझंही तेच.

अमोल : नाही ताई. टीव्हीवर पाहिलेल्या पुलाखाली कोणी खुर्ची टाकून बसते का? तुमचं चौथं. तुम्हाला तो पडायलाच पाहिजे होता.

मंगलाताई : ...

अमोल : चुकलो असेन तर बोला.

मंगलाताई : चुकला नाहीस. पर्यायाचा फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे ना? पुण्याला जा, नाहीतर हिशेब घ्या. मी हिशेबावर खूण करून पर्समध्ये ठेवला. घरी अजून सांगितलं नाही. तीस वर्षं रोज कॅश जुळवली, दहा रुपये कमी निघाले तरी घरी जेवण गेलं नाही. आता ते दुसऱ्यानं पाहावं. तेवढीच माझी इच्छा, त्याला चरक कशाला पाहिजे!

अमोल : मी आईला पूर्ण नाही सांगितलं.

मंगलाताई : काय?

अमोल : मागे वळलो, तेव्हा पुलावर आपला स्टाफ होता. पलीकडे मी एकटाच. आई म्हणते शुभ, पण माझ्या पोटात गोळा येते.

मंगलाताई : तुला फोन आला ना त्यांचा?

अमोल : ...सोमवारी. त्यांच्या शाखेत कर्जाचं डेस्क. कोणाला सांगू नका म्हणाले.

मंगलाताई : अन् तू आठवडाभर माझ्यासमोर बसून जेवून राहिला!

अमोल : कसं सांगू? आपल्यातून ज्यांना घेणार, त्या यादीत तुमचं नाव नव्हतं.

मंगलाताई : अरे, मला पाहिजेच नव्हतं ते. तू उगाच मला पुलावर उभं केलं, मी तर खाली बसली होती. पण वानखेडेला पाहिजे होतं, त्याची पोरगी बारावीला आहे. त्याला तू स्वतः सांग, बाहेरून कळू देऊ नको.

अमोल : आज?

मंगलाताई : चार वाजता काउंटर बंद झाल्यावर. अन् लॉकरचं रजिस्टर उद्यापासून तू घे. दोन चाव्यांच्या सह्या जुळत नाहीत, मी असेपर्यंत पाहून घे. डबा दे इकडे, धुते मी.