भाडेवाढीबाबत पत्र

कोथरूड, पुणे
5 मे 2025

श्री. जाधव यांस,
सप्रेम नमस्कार.

आपला अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार 30 जून 2025 रोजी संपतो आहे. 1 जुलैपासून करार नव्याने करताना मासिक भाडे 18,000 रुपयांवरून 19,000 रुपये करावे, असा माझा विचार आहे.

सोसायटीने एप्रिलपासून मेंटेनन्स 2,200 वरून 2,700 रुपये केला. तो मीच भरतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी प्रत्येक फ्लॅटमागे 15,000 रुपये वर्गणीही द्यावी लागली. गेल्या पावसाळ्यात तुमच्या बेडरूमच्या छताला ओल आली होती, त्यामुळे हे काम टाळण्यासारखे नव्हतेच. हा सगळा भार तुमच्यावर टाकायचा नाही, म्हणून वाढ हजारावरच ठेवली आहे. डिपॉझिट 50,000 रुपयेच राहील. करार नोंदणीचा खर्च नेहमीप्रमाणे निम्मा-निम्मा.

तुम्ही घर स्वतःचे समजून सांभाळता आणि भाडे वेळेवर देता. तुम्हीच राहावे, ही मनापासून इच्छा आहे. घरी वहिनींशी बोलून 25 मेपर्यंत लेखी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा. रकमेबद्दल काही म्हणणे असेल तर त्याआधी रविवारी सकाळी घरी या, बसून बोलू. घर सोडायचे ठरल्यास तेही याच तारखेपर्यंत सांगावे.

आपला,
वि. ग. देशपांडे
(घरमालक)