सुजाताताई, उत्तर नको, आराम करा

सुजाताताई,

ऑपरेशन नीट झालं हे तुमच्या यजमानांकडून कळलं आणि अख्ख्या अकाउंट्सचा जीव भांड्यात पडला. या मेसेजला उत्तर द्यायचं नाहीये. निळी टिक दिसली तरी पुरे, आणि नाही दिसली तर तुम्ही झोपलाय असं समजून आम्हाला बरंच वाटेल.

दुर्बिणीतून अपेंडिक्स काढल्यावर एक-दोन दिवस खांदा दुखतो. पोट फुगवायला भरलेल्या गॅसमुळे होतं ते, त्यामुळे टाके पोटावर आणि कळ खांद्यात असं झालं तर घाबरू नका, फक्त सिस्टरांच्या कानावर घाला. खोकला आला किंवा हसू आलं तर पोटावर उशी दाबून धरा, टाक्यांना ताण कमी बसतो. आपल्या ग्रुपवरचे विनोद तुम्हाला आठवडाभर कोणी पाठवायचे नाहीत असं ठरलंय. साठवून ठेवलेत, टाके निघाले की एकदम घ्या.

आता ऑफिसचं, कारण ते तुमच्या डोक्यात असणारच. जीएसटीआर-१ तुम्ही ११ तारखेलाच भरून गेलात. २बी १४ ला आलं, ते खरेदीच्या बिलांशी जुळवून झालंय. दोन पुरवठादारांची बिलं दिसत नाहीत. त्यांना फोन केला आहे, ते क्रेडिट पुढच्या महिन्यात घेऊ. ३बी कल्पेश २० च्या आत भरेल. ओटीपी साहेबांच्या मोबाइलवर येतो, म्हणजे तुमचा फोन वाजणार नाही. तुमच्या रजेचा अर्जही एचआरला दिलाय. रुजू होताना फिटनेस सर्टिफिकेट लागेल, तेवढं शेवटच्या तपासणीला डॉक्टरांकडून मागून घ्या.

एक निरोप घरच्यांसाठी. कॅशलेस असलं तरी डिस्चार्जच्या दिवशी शेवटचं बिल विमा कंपनीकडे जातं आणि मंजुरी यायला बरेचदा काही तास लागतात. गाडी आधीच बोलावून ठेवू नका, आणि दुपारचं जेवण तिथेच होईल असं धरून चाला. डिस्चार्ज समरी, औषधांची बिलं चिठ्ठ्यांसकट आणि दाखल होण्याआधी केलेल्या सोनोग्राफीची पावती एकाच फाइलमध्ये ठेवा. पुढचा क्लेम मी भरून देईन, तुम्ही फक्त सही करायची.

भेटायला झुंबड करणार नाही. घरी गेल्यावर यजमानांना विचारून दोघी येऊ, पंधरा मिनिटं बसू आणि निघू. चहा करायला उठायचं नाही. डॉक्टरांनी साधं जेवण चालेल म्हटलं की नसरीन तुमच्यासाठी मऊ भात आणि मुगाचं वरण आणणार आहे, बिनमिरचीचं.

तुमच्या मनी प्लांटला एक दिवसाआड अर्धा पेला पाणी चालू आहे. खुर्चीची उंचीही कोणी हलवलेली नाही. साहेबांनी बसून पाहिलं होतं, पाय टेकेनात म्हणून उठले.

निवांत बऱ्या व्हा, ताई.

अमृता, कल्पेश, नसरीन आणि अकाउंट्सची सगळी मंडळी