संदर्भ-चौकशीला उत्तर: वेअरहाऊस सुपरवायझर पदासाठी मानसी यांच्याबद्दल

प्रति,
मनुष्यबळ विभागप्रमुख

सस्नेह नमस्कार,

मानसी यांच्याबद्दल विचारणा करणारा आपला ईमेल आणि सोबतचा प्रश्नांचा फॉर्म मिळाला. संदर्भासाठी माझं नाव देण्याआधी मानसी यांनी मला फोन करून विचारलं होतं, त्यामुळे त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे. खाली ज्या उणिवा सांगितल्या आहेत, त्या प्रत्येक त्यांच्या वार्षिक मूल्यमापनात त्या त्या वेळी लेखी नोंदवल्या होत्या आणि समोर बसून बोललो होतो. त्यांना ठाऊक नाही असं या पत्रात काही नाही.

औद्योगिक पंप बनवणाऱ्या कारखान्यात मानसी साडेचार वर्षं स्टोअर्समध्ये होत्या. त्यातली शेवटची तीन वर्षं त्या थेट माझ्या हाताखाली काम करत होत्या. त्या स्टोअर्स असिस्टंट म्हणून लागल्या आणि सीनिअर स्टोअर्स एक्झिक्युटिव्ह म्हणून बाहेर पडल्या. स्वतःहून राजीनामा दिला, नोटीस पिरियड पूर्ण केला. आमच्याकडे वरची जागा रिकामी होण्याची शक्यता नव्हती, हे सोडण्याचं कारण त्यांनी मला सांगितलं आणि ते खरं होतं. त्याला आता १४ महिने झाले. त्यानंतरच्या त्यांच्या कामाबद्दल मला काही सांगता येणार नाही.

त्यांच्याकडे साधारण ३,२०० आयटम होते: कास्टिंग, बेअरिंग, मेकॅनिकल सील, ओ-रिंग, ग्लँड पॅकिंग, नट-बोल्ट आणि पॅकिंगचं साहित्य. माल उतरवून घेणं, आलेल्या मालाची नोंद म्हणजे जीआरएन करणं, तपासणीत अडकलेला माल वेगळा ठेवणं, लाइनला इश्यू करणं आणि दर महिन्याला स्टॉक जुळवणं, हे सगळं त्यांच्या जबाबदारीत येत होतं.

त्यांची सर्वांत मोठी ताकद म्हणजे सिस्टीममधला स्टॉक आणि रॅकवरचा स्टॉक जुळता ठेवणं. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या पदाचा गाभाही हाच दिसतो. त्यांनी काम हाती घेतलं तेव्हा वर्षातून एकदा सगळं स्टोअर बंद करून मोजणी व्हायची, फरक निघायचा, तो अ‍ॅडजस्ट केला जायचा आणि पुढच्या वर्षी तेवढाच फरक पुन्हा निघायचा. मानसी यांनी रोज थोडे आयटम मोजायला सुरुवात केली. महागडे ‘ए’ वर्गातले आयटम महिन्यातून एकदा, ‘बी’ तिमाहीत एकदा, ‘सी’ वर्षातून एकदा. मोजणाऱ्याच्या हातातल्या कागदावर सिस्टीमचा आकडा छापायचा नाही, हा नियम त्यांनीच आणला. आकडा समोर असला की माणूस मोजत नाही, तो आकडा जुळवतो, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

फरक निघाल्यावर त्या लगेच अ‍ॅडजस्टमेंट एंट्री मारत नसत, आधी कारण शोधत. एका बोल्टचा स्टॉक सतत कमी निघत होता आणि सगळ्यांचा रोख चोरीकडे होता. मानसी यांनी जुन्या जीआरएन काढल्या आणि वजनकाट्यावर १०० बोल्ट मोजून तोलले. बोल्ट किलोवर विकत घेतला जात होता, इश्यू नगावर होत होता आणि आयटम मास्टरमध्ये किलोचे नग करणारा आकडा ४० मिमी लांबीच्या बोल्टचा होता. प्रत्यक्षात माल ५० मिमीचा येत होता. एका किलोत बसणारे नग कमी, त्यामुळे प्रत्येक जीआरएनला सिस्टीममध्ये न आलेले बोल्ट जमा होत होते. त्यांनी तो एक आकडा दुरुस्त करून न थांबता, खरेदीचं आणि इश्यूचं एकक वेगळं असलेल्या सगळ्या आयटमची यादी काढून प्रत्येकाचं प्रत्यक्ष वजन आणि लांबी तपासली. ग्लँड पॅकिंगमध्येही अशीच चूक सापडली. दीड वर्षात मोजलेल्या आयटमपैकी तंतोतंत जुळणाऱ्यांचं प्रमाण ८६ टक्क्यांवरून ९७ टक्क्यांवर गेलं. या आकड्यात लाइनवरून परत येणाऱ्या मालाच्या नोंदी वेळेवर होऊ लागल्याचाही वाटा आहे, आणि ते काम प्रॉडक्शनच्या सहकार्याने झालं. सगळं श्रेय एकट्या मानसींचं म्हटलं तर ते बरोबर होणार नाही. निम्म्याहून जास्त मात्र नक्कीच त्यांचं.

रबरी भागांच्या बाबतीतही त्या काटेकोर होत्या. ओ-रिंग बंद पाकिटात, उन्हापासून आणि मोटारींपासून लांब ठेवायच्या, पाकिटावर उत्पादनाची तारीख ठळक दिसली पाहिजे आणि आधी आलेला नव्हे तर आधी मुदत संपणारा माल आधी जायला हवा. हे त्या स्वतः पाळत आणि इतरांकडूनही पाळून घेत.

सचोटीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. भंगाराचं वजन, वाहतूकदारांच्या पावत्या, पुरवठादारांशी रोजचा संबंध असा मोह पडण्याजोगा व्यवहार त्यांच्या हातून होत असे. त्यांचं एकही प्रकरण माझ्यापर्यंत आलं नाही आणि अंतर्गत लेखापरीक्षणातही त्यांच्या कागदांवर आक्षेप निघाला नाही. वेळेवर येण्याबद्दल तक्रार नव्हती.

आता उणिवांकडे. त्यांतल्या दोन किरकोळ नाहीत.

पहिली: काम दुसऱ्यावर सोपवणं त्यांना जड जातं. हाताखाली तीन माणसं होती, पण अवघड मोजणी, रिजेक्ट मालाचे कागद आणि सिस्टीममधल्या दुरुस्त्या त्या स्वतःच करत. त्या आठवडाभर रजेवर गेल्या की जीआरएन साचायच्या, कारण रिजेक्ट माल कोणत्या लोकेशनला दाखवायचा हे बाकी कुणाला धड शिकवलेलंच नव्हतं. “मी केलं की पुन्हा बघावं लागत नाही,” हे त्यांचं म्हणणं होतं. तीन माणसांत हे निभावतं. आपण लिहिल्याप्रमाणे दोन पाळ्यांत १२ माणसं असतील तर निभावणार नाही, कारण दुसऱ्या पाळीला त्या हजरच नसतील. शेवटच्या वर्षी मी त्यांना प्रत्येक कामाची एकपानी लेखी पद्धत तयार करायला सांगितली. त्यांनी ११ कामांची तयार केली, चांगली केली आणि पुढच्या रजेत काम अडलं नाही. सुधारणा झाली, पण ती मागे लागल्यावर झाली, हेही सांगायला हवं.

दुसरी: वाईट बातमी वर कळवायला त्या उशीर करत. एकदा एका सीलचा स्टॉक सेफ्टी स्टॉकखाली गेला. पुरवठादार “उद्या पाठवतो” म्हणत राहिला आणि मानसी यांनी त्याच्यावर भिस्त ठेवून तीन दिवस स्वतःच पाठपुरावा केला. मला कळलं ते लाइन थांबायच्या दिवशी सकाळी. अर्धी पाळी वाया गेली. दोन दिवस आधी कळलं असतं तर असेंब्लीचा क्रम बदलून दुसरं मॉडेल घेता आलं असतं. यामागे लपवाछपवी नव्हती, प्रश्न आपणच सोडवून मग सांगावं असा त्यांचा स्वभाव होता. त्यानंतर सेफ्टी स्टॉकखाली गेलेला आयटम त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ईमेलवर कळवायचा, असा नियम ठरवला. तो त्यांनी पाळला. नेमका नियम असला की त्या हमखास पाळतात. ‘गरज वाटल्यास कळवा’ अशी मोघम सूचना त्यांच्या बाबतीत पुरत नाही.

प्रॉडक्शनच्या सुपरवायझरांशी त्यांचे खटके उडायचे. इश्यू स्लिपशिवाय माल द्यायचा नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. ते चारचौघांत, कामगारांसमोर सुनावणं बरोबर नव्हतं. एक लेखी तक्रार आली, मी बोललो आणि नंतर त्या अशा गोष्टी बाजूला घेऊन सांगू लागल्या. दोघा सुपरवायझरांशी संबंध सुधारले, एकाशी शेवटपर्यंत तुटक राहिले. याबद्दलची माझी माहिती निम्मी पाहिलेली आणि निम्मी ऐकलेली आहे, तेव्हा तिला तेवढंच वजन द्यावं.

मला जे सांगता येत नाही तेही नमूद करतो. रात्रपाळी त्यांनी आमच्याकडे कधी केली नाही. हातातल्या स्कॅनरवर चालणारी पूर्ण वेअरहाऊस प्रणाली आमच्याकडे नव्हती. बारकोड फक्त माल आत घेताना वापरला जायचा. नवीन प्रणाली त्या शिकतील असं मला वाटतं, कारण ईआरपीतले रिपोर्ट त्यांनी स्वतः शिकून घेतले होते. पण तो माझा अंदाज आहे, अनुभव नव्हे.

फॉर्ममधले तीन प्रश्न मी रिकामे ठेवले आहेत. आजारपणाच्या रजा आणि कौटुंबिक जबाबदाऱ्या यांचा त्यांच्या कामाच्या दर्जाशी संबंध नाही, म्हणून त्यावर मी बोलणार नाही. पगाराची माहिती आमच्या मनुष्यबळ विभागाकडून, मानसी यांच्या संमतीने घ्यावी. दहापैकी एकूण गुणही देत नाही. स्टॉकच्या अचूकतेला नऊ आणि काम सोपवण्याला पाच यांची सरासरी काढली तर हाती येणारा सात कोणत्याच मानसींचं वर्णन करत नाही.

पुन्हा नोकरीवर घ्याल का, या प्रश्नाचं उत्तर: स्टोअर्स किंवा इन्व्हेंटरी कंट्रोलच्या वरिष्ठ पदावर लगेच घेईन. १२ माणसांच्या सुपरवायझर पदावरही घेईन, मात्र पहिले तीन-चार महिने आठवड्यातून एकदा त्यांच्याबरोबर अर्धा तास बसण्याची तयारी असलेला वरिष्ठ असेल तरच. त्या बैठकीत दोनच गोष्टी विचाराव्यात: या आठवड्यात कोणतं काम कुणाला शिकवलं, आणि पुढच्या १० दिवसांत कोणता आयटम कमी पडू शकतो. दोन्ही पाळ्यांच्या हस्तांतराची लेखी वही पहिल्या दिवसापासून ठेवायला सांगितलीत तर ती त्या नीट ठेवतील.

मुलाखतीत त्यांना काम सोपवण्याबद्दल थेट विचारा. त्या गोलमाल उत्तर देणार नाहीत.

हे उत्तर फक्त या निवडीसाठी आहे. मानसी यांनी वाचायला मागितलं तर जरूर द्यावं, माझी हरकत नाही. काही अधिक विचारायचं असल्यास याच ईमेलवर लिहा, दुपारी चारनंतर फोनवरही बोलता येईल.

आपला विश्वासू,
अविनाश
स्टोअर्स व मटेरियल प्लॅनिंग विभागप्रमुख