रोज तेवढाच कमी

डीएमएलटी या लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या पहिल्या आठवड्यात सायलीला पिपेटनं फक्त पाणी मोजायचं होतं. १०० मायक्रोलिटर, म्हणजे काट्यावर जवळपास १०० मिलिग्रॅम. सुरुवातीला आकडे कसेही येत. मग हात बसला: टिप आधी पाण्यानं ओली करायची, पिपेट उभं धरायचं, अंगठा सावकाश सोडायचा. तरी काटा ९४ च्या आसपासच.

"शेवटपर्यंत दाबत नाहीस," मॅडम म्हणाल्या.

"दाबते, मॅडम. हात चुकत असता तर आकडा कधी वरही गेला असता ना? हा रोज तेवढाच कमी येतो."

मॅडमनी वही पाहिली, शेजारचं पिपेट तिच्या हाती दिलं. ९९.६. ९९.४. ९९.७.

जुन्यावरच्या कॅलिब्रेशन स्टिकरची तारीख केव्हाच उलटून गेली होती.

"कालचे शुगरचे नमुने यानंच लावले का कुणी?" मॅडमनी रजिस्टर ओढलं.