चव न घेता जमणारे उकडीचे मोदक: एकवीस मोदकांचं मापात प्रमाण

नैवेद्याचं चूण चाखून बघता येत नाही. बाप्पाच्या आधी आपण जीभ लावायची नाही, म्हणजे गोड कमी झालं की जास्त, हे आरती होऊन पहिला घास घेईपर्यंत कळत नाही. म्हणून मोदकाच्या बाबतीत मी ‘अंदाजे’ हा शब्द स्वयंपाकघरात येऊच देत नाही. रीलमध्ये प्रमाण पटकन पुढे सरकतं, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहिलंय. सेव्ह करून ठेवा, चतुर्थीच्या सकाळी शोधाशोध नको. 🌺

आधी एक वाटी ठरवा. कुठलीही चालेल, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच. माझी दोनशे मिली मावणारी स्टीलची वाटी आहे. तिच्या मापाने मध्यम आकाराचे एकवीस मोदक होतात.

🥥 चुणासाठी
ओलं खोबरं, हलक्या हाताने भरून: तीन वाट्या (एक मोठा नारळ, लहान असतील तर दोन)
चिरलेला गूळ, दाबून भरलेला: दीड वाटी
साजूक तूप: एक चमचा
खसखस, कोरडी भाजून: दोन चमचे
वेलचीपूड: अर्धा चमचा
जायफळ: किसणीवर चार-पाच वेळा फिरवलं की पुरे
मीठ: दोन बोटांच्या चिमटीत येईल तेवढंच

🍚 उकडीसाठी
तांदळाची पिठी: दोन वाट्या
पाणी: दोन वाट्या
तूप किंवा लोणी: एक मोठा चमचा
मीठ: पाव चमचा

एवढंच लक्षात ठेवा: खोबऱ्याच्या निम्मा गूळ, पिठीएवढं पाणी. एकवीसऐवजी अकरा करायचे असतील तर सगळं निम्मं करा.

आता चाखायचं नाही म्हटलं, तरी कच्चा माल आधी तपासता येतोच. गूळ आणला त्याच दिवशी एक खडा तोंडात टाका. खारट लागला तर तो आमटीला ठेवा, मोदकाला दुसरा आणा. चिक्कीचा गूळ अजिबात नको, चूण गार झालं की दगड होतो. नारळ फोडल्यावर पाणी पिऊन बघा. पाणी आंबूस असेल तर खोबऱ्याकडून फार आशा ठेवू नका. खवताना करवंटीजवळची तपकिरी पाठ खोबऱ्यात येऊ द्यायची नाही, चूण काळपट दिसतं.

चूण करताना जाड बुडाच्या कढईत तूप, खोबरं आणि गूळ एकदमच घाला. गॅस मध्यम ते मंद. दोन-तीन मिनिटांत गूळ विरघळतो आणि सगळं पातळ होतं. इथे घाबरून गूळ-खोबरं वाढवू नका, प्रमाण बरोबर आहे, फक्त ढवळत राहा. पुढच्या आठ-दहा मिनिटांत तळाशी रस दिसेनासा होतो, उलथनं फिरवलं की मागे कढईचा तळ क्षणभर कोरडा दिसतो आणि चूण कडा सोडायला लागतं. गॅस बंद करायची वेळ हीच. अजून ओलसर आहे असं वाटेल, आणि तसंच हवं. कढईच्या उष्णतेने ते आणखी आळतं. खसखस, वेलची, जायफळ, मीठ गॅस बंद केल्यावर. आधी घातलं तर वेलचीचा वास घरभर फिरतो आणि मोदकात काहीच राहत नाही.

जास्त आटलं तर दोन चमचे दूध शिंपडून मंद आचेवर मोकळं करा. पातळच राहिलं तर चमचाभर तांदळाची पिठी कोरडी भाजून मिसळा.

परदेशातल्या मैत्रिणींनो, फ्रोझन खोबरं चालतं. आधी पूर्ण वितळू द्या, त्याला पाणी सुटतं म्हणून गॅसवर थोडं जास्त वेळ ठेवावं लागेल. पाकिटातला कोरडा कीस मात्र मोदकात भुशासारखा लागतो, तो बर्फीला ठेवा.

पिठी आंबेमोहोराची मिळाली तर उत्तम, बासमती तुकड्याचीही छान होते. महत्त्वाचं म्हणजे तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, बारीक दळलेली आणि ताजी हवी. गेल्या वर्षीच्या डब्यातली पिठी कितीही मळा, पारीला चिरा पडणारच.

पाण्याला तूप-मीठ घालून खळखळून उकळी आली की गॅस बारीक, पिठी एकदम घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळा, झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ काढा. गॅस बंद करून दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. मग परातीत काढून गरम असतानाच मळा. हाताला सोसत नसेल तर आधी वाटीच्या बुडाने रगडा, नंतर कोमट पाणी आणि किंचित तेलाचा हात लावून. छोटा गोळा तळहातावर चपटा करून बघा. कड फाटली नाही तर उकड तयार. फाटली तर पाण्याचा हात घेऊन अजून मळा. शुभ्र पांढरे मोदक हवे असतील तर निम्मं पाणी, निम्मं दूध.

लिंबाएवढा गोळा घ्या, बाकीची उकड ओल्या फडक्याखाली. पारी कडेला पातळ, मध्ये थोडी जाड. मध्ये पातळ झाली की बूड फुटून गूळ पात्रात उतरतो. चिमटीने कळ्या पाडा, मोठा चमचाभर चूण भरा, कळ्या खालून वर हलकेच जवळ आणत नाक काढा. कळ्या सातच पडल्या तरी मोदकच होतो. साचा वापरणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्यातली मी नाही, फक्त साच्यात उकड कमी दाबा, नाहीतर चूण कमी आणि पीठ जास्त खायला लागतं.

मोदकपात्रातलं पाणी आधीच उकळत असू द्या. चाळणीवर हळदीचं पान, नसेल तर केळीचं, त्यावर तुपाचं बोट. प्रत्येक मोदक गार पाण्यात बुडवून लगेच पानावर ठेवा, याने तो फुटत नाही आणि वर तकाकी येते. मोठ्या आचेवर दहा ते बारा मिनिटं. ओलं बोट लावून चिकटलं नाही की झाले. गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग हात ओला करून उचला. घाईने उचललेल्या मोदकाचं बूड पानालाच राहतं.

सोवळं कडक नसेल तर चूण हरतालिकेच्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवता येतं. सोवळं असेल तर आदल्या दिवशी निदान डबे, वाटी, पात्र घासून हाताशी ठेवा. उकड मात्र त्या-त्या वेळीच.

नैवेद्याला केळीच्या पानावर एकवीस मोदक, वर साजूक तूप, शेजारी दूर्वा. पानाखाली पाण्याचं मंडल काढायला विसरू नका.

उकड थोडी उरतेच. तिच्यात वाटलेली हिरवी मिरची, जिरं, मीठ आणि कोथिंबीर घालून चपट्या निवगऱ्या थापा आणि त्याच पात्रात वाफवा. वर कच्चं तेल घालून खा. आमच्याकडे मोदक उरतात, निवगऱ्या उरत नाहीत.

गणपती बाप्पा मोरया! 🙏

#उकडीचेमोदक #गणेशचतुर्थी #बाप्पाचानैवेद्य #निवगऱ्या #मराठीरेसिपी