प्रयोगशाळा सहायक पदासाठी कु. स्नेहल जगताप यांच्याविषयी अभिप्राय

दि. 14 जून 2024

प्रति,
मा. ऊसविकास अधिकारी,
माती व पाणी परीक्षण प्रयोगशाळा,
सहकारी साखर कारखाना, ता. कराड, जि. सातारा

विषय : कु. स्नेहल बाळासाहेब जगताप (बी.एस्सी. रसायनशास्त्र) यांच्या अर्जासंदर्भात गोपनीय अभिप्राय

महोदय,
स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. स्नेहल कामात प्रामाणिक आहे का, तिच्यावर प्रयोगशाळेचे काम स्वतंत्रपणे सोपवता येईल का आणि मी तिची शिफारस करते का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. दुसऱ्याचे आज तरी नकारार्थी आहे. तिसऱ्याचे उत्तर आपण तिला नेमके कोणते काम देणार आहात यावर अवलंबून आहे, म्हणून पत्र थोडे लांबले आहे.

2021 ते 2024 ही तीनही वर्षे स्नेहल आमच्या विभागात होती. दुसऱ्या वर्षी विश्लेषणात्मक रसायनशास्त्राचे प्रॅक्टिकल मी घेत होते आणि तिसऱ्या वर्षी तिचा प्रकल्प माझ्याकडे होता. त्यामुळे तिचे टेबलावरचे काम मी जवळून पाहिले आहे. भौतिक रसायनशास्त्र मी तिला शिकवलेले नाही. त्या विषयाबद्दल पुढे जे लिहिते आहे ते गुणपत्रक पाहून आणि संबंधित सहकाऱ्यांशी बोलून लिहिते आहे.

गुणांच्या हिशेबात स्नेहल वर्गाच्या खालच्या चतुर्थांशात आहे. दुसऱ्या वर्षी भौतिक रसायनशास्त्र आणि गणित या दोन विषयांत तिला एटीकेटी लागली होती. दोन्ही विषय ती पुढच्या प्रयत्नात उत्तीर्ण झाली आणि आता तिचा कोणताही विषय बाकी नाही. तासांना तिची हजेरी अनियमित होती. प्रॅक्टिकल मात्र तिने क्वचितच चुकवले. हजेरीमागची कारणे मला ठाऊक आहेत, पण ती तिची खासगी बाब आहे. आपल्याला गरज वाटल्यास मुलाखतीत तिलाच विचारावे. तो आळस नव्हता, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

तिची खरी अडचण आकडेमोडीत आहे, आणि ती आपल्या कामाशी थेट संबंधित असल्याने सविस्तर लिहिते. स्नेहलचे मोजमाप बरोबर असते, पण मोजलेल्या आकड्यापासून अहवालातल्या आकड्यापर्यंत जाताना ती चुकते. प्रकल्पासाठी तिने शेतांतून आणलेल्या 24 मातीनमुन्यांचा सेंद्रिय कर्ब वॉकली-ब्लॅक पद्धतीने काढला. त्यातला एक नमुना उकिरड्यालगतचा होता. 1 ग्रॅम मातीवर 10 मिली डायक्रोमेट आणि 20 मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून अर्धा तास ठेवल्यावर शंकुपात्रातला रंग हिरवा झाला होता. टायट्रेशन सुरू होण्याआधीच सगळे डायक्रोमेट संपले होते. हे तिने स्वतःहून ओळखले, तो रीडिंग रद्द केला आणि 0.5 ग्रॅम माती घेऊन पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून इतकी जाण मी सहसा अपेक्षित धरत नाही. बरेच जण त्याच पात्रात फेरस अमोनियम सल्फेटचे दोन थेंब सोडून काहीतरी आकडा लिहून मोकळे होतात.

मग हिशेब आला. ब्लँक 20.8 मिली आणि नमुना 8.8 मिली, हे दोन्ही आकडे बरोबर होते. सूत्रात मात्र तिने वजन 0.5 ऐवजी 1 धरले. 3.46 टक्के यायला हवे तिथे 1.73 आले, आणि उत्तर निम्मे झाले आहे हे तिला दिसले नाही. नमुना शेणखताने भरलेला होता हे तिला माहीत होते आणि डायक्रोमेट संपल्याचे तिनेच पाहिले होते. 1.73 टक्के कर्बाने ते संपले नसते, एवढा विचार केला असता तर चूक तिथेच सापडली असती. आपल्या निरीक्षणाशी आकडा ताडून पाहण्याची सवय तिला अजून लागलेली नाही.

दुसरे उदाहरण ओल्सेन पद्धतीच्या स्फुरदाचे आहे. एका नमुन्यात 9 पीपीएम स्फुरद आला. हेक्टरी किलोत मांडताना त्याला 2.24 ने गुणायचे असते, म्हणजे सुमारे 20. स्नेहलने तक्त्यात हेक्टरी 9 किलोच लिहिले. त्यामुळे मध्यम वर्गातली जमीन कमी वर्गात गेली. हा तक्ता महाविद्यालयातच राहिला म्हणून नुकसान झाले नाही. आपल्याकडून असा अहवाल बाहेर गेला, तर आडसाली उसाची लागण करणारा शेतकरी गरज नसलेल्या सुपर फॉस्फेटवर पैसे घालवेल.

द्रावणे तयार करण्यातही हीच अडचण येते. दिलेले वजन ती अचूक घेते, मोजणी चंबू खुणेपर्यंत नीट भरते आणि लेबलवर तारीख लिहिते. पण 0.5 नॉर्मल द्रावणासाठी किती ग्रॅम लागतील हे काढायला सांगितले की गोंधळते, विशेषतः स्फटिकजल असलेल्या क्षारांच्या बाबतीत. घाई झाली की चुका वाढतात. मोकळा वेळ आणि समोर एक सोडवलेले उदाहरण असेल, तर ती बहुतेक वेळा बरोबर करते. प्रकल्पाचा अहवालही तिने मुदतीनंतर दिला, आणि उशिराचे कारण प्रयोग नव्हते, तक्ते होते.

आता तिच्या हाताबद्दल. ब्युरेट भरण्यापूर्वी ती त्याच द्रावणाने विसळते आणि नळीच्या टोकातला बुडबुडा काढते. डायफेनिलअमीनचा जांभळा-निळा रंग हिरव्याकडे वळायला लागला की थेंबाथेंबाने जाते. तिच्या एकाच नमुन्याच्या दोन रीडिंगमध्ये बहुतेक वेळा 0.1 मिलीपेक्षा जास्त फरक नसायचा. फेरस अमोनियम सल्फेट हवेने क्षीण होत जाते, म्हणून ती प्रत्येक दिवशी ब्लँक नव्याने घ्यायची. सामू मोजण्यापूर्वी 7 आणि 9.2 च्या बफरने मीटर लावणे आणि प्रत्येक नमुन्यानंतर इलेक्ट्रोड धुऊन टिपणे यांत तिने कधी टाळाटाळ केली नाही. एकसारखे काम दिवसभर करतानाही तिची काळजी कमी होत नाही. रोज ढीगभर नमुने येणाऱ्या प्रयोगशाळेत या गुणाची किंमत मोठी असते.

प्रामाणिकपणाविषयी बोलायचे तर तिचे जर्नल पुरेसे आहे. एका नमुन्याचे दोन रीडिंग जुळले नव्हते. तिने दोन्ही जसेच्या तसे लिहिले, खाली ‘कारण कळले नाही, पुन्हा करणार’ अशी नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी तिसरे घेतले. खाडाखोड नाही, मागाहून बसवलेला आकडा नाही. वर सांगितलेल्या चुका मला सापडल्या त्यासुद्धा तिने मूळ रीडिंग जपून ठेवली होती म्हणूनच. चूक दाखवल्यावर तिने वाद घातला नाही आणि रडारडही केली नाही. सगळ्या 24 नमुन्यांचा हिशेब तिने नव्याने करून आणला. त्यातही एक दशांशचिन्ह चुकलेले होते, हे मी लपवत नाही.

आणखी एक गोष्ट गुणपत्रकात कुठेच दिसणार नाही. नमुने गोळा करताना शेतकऱ्यांशी ती सहज बोलायची. बांधाजवळची, खताच्या ढिगाखालची आणि पाटाच्या कडेची माती मिसळायची नाही, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन बाजूची सारख्या जाडीची चकती काढायची आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरवायची, हे ती त्यांना करून दाखवत असे. उकिरड्यालगतचा नमुना मुद्दाम वेगळा घेतला होता आणि पिशवीवर तशी चिठ्ठीही होती. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीचे नमुने आपल्याकडे येतात. तिथे मागच्या पिकाची आणि पाण्याची माहिती नीट विचारून घेणारे माणूस पाहिजे, आणि ते काम ती चांगले करेल.

म्हणून माझी शिफारस अशी आहे. नमुने स्वीकारणे, वाळवणे, कुटणे, चाळणे, सामू व क्षारता मोजणे आणि टायट्रेशन करणे या कामांसाठी स्नेहलला जरूर घ्यावे. हिशेब करणे, खतांची मात्रा ठरवणे आणि अहवालावर सही करणे ही कामे सध्या तिच्याकडे एकटीकडे देऊ नयेत. जाहिरातीतले पद एकाच व्यक्तीने संपूर्ण प्रयोगशाळा चालवण्याचे असेल, तर त्या पदासाठी मी आज तिची शिफारस करू शकत नाही. तसे केले तर शेतकऱ्यांवर अन्याय होईल आणि तिच्यावरही.

घेतल्यास पहिले तीन महिने एवढे करावे, असे सुचवते. नमुन्याचे वजन, ब्लँक आणि रीडिंग भरले की उत्तर आपोआप येईल असा एक्सेलचा तक्ता द्यावा, आणि त्यात वजनाचा रकाना रिकामा असेल तर उत्तर येऊच नये. पीपीएम आणि हेक्टरी किलो असे दोन वेगळे रकाने असावेत. नेहमी लागणाऱ्या द्रावणांची वजने भिंतीवर लिहून लावावीत. रोज दहातल्या एका नमुन्याचा हिशेब दुसऱ्या कोणी तरी तपासावा. लेखी सूचना ती काटेकोर पाळते. तोंडी आणि घाईत दिलेल्या सूचनांत मात्र तिच्याकडून काही ना काही सुटते. तीन महिन्यांनी तपासणीत चुका सापडेनाशा झाल्या, तर हिशेबाचे काम हळूहळू तिच्याकडे द्यायला हरकत नाही. चुका सुरूच राहिल्या तर तिला नमुन्यांच्या आणि टायट्रेशनच्या कामावरच ठेवावे. ते काम तिच्या हातून सांडणार नाही.

आपल्याकडे इतर कोणाचे अर्ज आले आहेत ते मला माहीत नाही, त्यामुळे तुलना करत नाही. तिच्याहून जास्त गुण असलेले उमेदवार आपल्याला नक्की मिळतील. त्यांना मुलाखतीत एक टायट्रेशन करायला सांगावे आणि स्नेहललाही सांगावे. हिशेबाचे एक गणितही सर्वांना द्यावे. दोन्हींचे निकाल समोर आले की निर्णय घेणे आपल्याला सोपे जाईल.

हे पत्र पाठवण्यापूर्वी मी ते स्नेहलला वाचायला दिले आणि अर्ज मागे घ्यायचा असल्यास घेण्याची मोकळीक दिली. तिने पत्र आहे तसे पाठवायला सांगितले. तिच्या संमतीने गुणपत्रकांच्या प्रती आणि जर्नलमधली प्रकल्पाची पाने, माझ्या लाल शाईतल्या दुरुस्त्यांसह, सोबत जोडली आहेत. अधिक काही विचारायचे असल्यास दुपारी दोननंतर विभागात मी उपलब्ध असते.

कळावे,

आपली विश्वासू,
डॉ. मेधा कुलकर्णी
सहयोगी प्राध्यापक, रसायनशास्त्र विभाग

सोबत : गुणपत्रकांच्या प्रती (सहा सत्रे), प्रकल्प जर्नलची निवडक पाने