सोहमला, बोरस्ते बाईंकडून

नाशिक
शनिवार, १० जानेवारी

प्रिय सोहम,

परवा मी तुमच्या घरी आले तेव्हा तू जिन्यात बसला होतास. घर माणसांनी भरलेलं होतं, त्यामुळे तुझ्याशी धड बोलता आलं नाही. सगळ्यांच्या देखत तुला काही विचारावं असं मलाही वाटेना. म्हणून हे पत्र लिहितेय. एकट्याने वाच, आईला वाचून दाखवायला सांग, नाहीतर आत्ता न वाचता दप्तरात ठेवून दे. हा काही गृहपाठ नाही.

तुझी ताई वारली याचं मला फार वाईट वाटतं. रेवती पाचवीला माझ्याच वर्गात होती. त्या सकाळी बातमी कळली तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत बसून रडले, आणि मग तसेच लाल डोळे घेऊन तुमच्या वर्गावर आले. मुलांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं.

तुलाही खरंच सांगते. कुणी तुला म्हणेल ताई देवाघरी गेली, कुणी म्हणेल चांदणी झाली, कुणी म्हणेल शांत झोपली. मायेपोटी म्हणतात. पण झोपलेला माणूस उठतो आणि ताई आता उठणार नाही, परत येणार नाही. हे वाचायला कठीण आहे, मला लिहायलाही कठीण जातंय. पण रात्री झोपायची मात्र भीती धरू नकोस. आई, बाबा, आजी आणि तू रोज झोपता आणि रोज उठता, ते तसंच चालू राहणार आहे.

तिला रक्ताचा कर्करोग होता. आपल्या हाडांच्या आत रक्त तयार होतं, तिथे बिघाड झाला आणि नको त्या पेशी भराभर वाढत गेल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी औषधं दिली, तीही किती धीराने घेत होती. पण या वेळी औषधं पुरी पडली नाहीत. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तुम्ही एका ताटात जेवलात, एका पांघरुणात झोपलात, त्याने तुला काही होणार नाही. तुझ्या मनात याबद्दल अजून काही असेल तर बाबांना सांग, ते तुला डॉक्टरांकडे नेतील. तू स्वतः डॉक्टरांना विचार. लहान मुलांनी विचारलेलं डॉक्टरांना आवडतं.

तुझी आई मला एक गोष्ट बोलली. ताई शेवटची मुंबईला निघाली त्याच्या आदल्या दिवशी तुमचं रिमोटवरून भांडण झालं होतं आणि तू तिला ‘जा एकदाची’ असं म्हणालास. ते तुझ्या डोक्यातून जात नाहीये. सोहम, भांडणाने कुणाला कर्करोग होत नाही, आणि रागाने बोललेल्या शब्दाने कुणी मरत नाही. तो आजार त्या भांडणाच्या कितीतरी महिने आधीपासून तिच्या अंगात होता. आणि तू ‘जा’ म्हणालास म्हणजे काय, हे तिला बरोबर कळत होतं. ती तुला दिवसातून दहा वेळा तेच म्हणायची की.

दहाव्याला रामकुंडावर कावळा उशिरा शिवला, तेव्हा मोठी माणसं काहीबाही बोलली असतील. तिचं काय राहिलं, कुणावर रागावली होती का, असं. आजी बोलली असेल तर तिच्यावर चिडू नकोस, तिची नात गेलीये. पण मी पंचवटीत जन्मलेली आहे म्हणून सांगते, रामकुंडावर गावोगावची माणसं रोज येतात आणि कितीतरी घरांचे पिंड ठेवलेले असतात. तिथल्या कावळ्यांची पोटं नेहमीच भरलेली. तो उशिरा आला याचा तुझ्याशी काहीही संबंध नाही.

आता जे सांगणार आहे त्यासाठीच खरं तर मी हे पत्र लिहायला घेतलं.

मी तुमच्याकडे बसले होते तेवढ्या वेळात तीन जणांनी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘आता तूच आई-बाबांचा आधार. तू रडायचं नाही बरं का.’ तू मान हलवलीस. मला ते बघवलं नाही. ती माणसं वाईट नाहीत. काय बोलावं ते सुचत नाही तेव्हा आपल्याकडे हेच वाक्य तोंडात येतं. पण तू दहा वर्षांचा आहेस. आई-बाबांना सांभाळणं हे तुझं काम नाही. त्यांना सांभाळायला तुझी मावशी आहे, काका आहेत, शेजारचे आहेत, आणि ते दोघे एकमेकांना आहेत. आई रडत असली तर जवळ जाऊन बस, नाहीतर खुशाल खाली खेळायला जा. तुझ्यामुळे ती रडत नाही आणि तू गप्प राहिलास म्हणून तिचं रडू थांबणारही नाही. तुला रडायला आलं तर रड. नाही आलं तरी त्यात काही चुकीचं नाही. काहींना पंधरा दिवसांनी येतं, काहींना वर्गात मराठीचा तास चालू असताना मध्येच येतं.

आणि तुला ताईच्या जागी व्हायचं नाहीये. तिला गणितात पैकीच्या पैकी मिळायचे म्हणून तुलाही मिळवायला हवेत असं नाही. तुझे अपूर्णांक कच्चे आहेत, ते तसे कच्चेच घेऊन ये, आपण बघू.

अजून एक. गेलं वर्षभर सगळे तिच्याच मागे होते. तू मावशीकडे सिन्नरला राहिलास, तुझा वाढदिवसही तिथेच झाला. कधी तुला तिचा राग आला असेल, कधी वाटलं असेल की हे एकदाचं संपू दे. आजारी भावंडं असलेल्या बऱ्याच मुलांना असं वाटतं, फक्त ती बोलत नाहीत. तसं वाटलं म्हणून तुझं तिच्यावरचं प्रेम कमी ठरत नाही.

तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. तू पहिलीत होतास तेव्हा ती माझ्या वर्गात, पाचवीत. मधली सुट्टी व्हायच्या पाच मिनिटं आधी ती रोज हात वर करायची, ‘बाई, बाहेर जाऊ?’ मला वाटायचं पाणी प्यायला जात असेल. एकदा मी मागून गेले, तर ही पहिलीच्या दारात गुडघ्यावर बसून तुझ्या बुटाची नाडी बांधत होती. मी विचारलं तर म्हणाली, ‘त्याला गाठ येत नाही आणि तो कुणाला सांगत नाही, लाजतो. सुट्टीत पळाला तर पडेल.’ मग मी तिला विचारायची गरजच ठेवली नाही. घड्याळ बघून ती आपोआप उठायची. दिवाळीनंतर एक दिवस ती उठलीच नाही. म्हणाली, ‘आता येते त्याला.’ जरा खट्टूच झाली होती.

पावसाळ्यात तर ती आमची बातमीदार होती. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाटावरून येताना दुतोंड्या मारुती बघून यायची आणि दारातूनच ओरडायची, ‘बाई, कमरेपर्यंत!’ छातीपर्यंत पाणी आलं तर शाळा सुटेल असा तिचा हिशोब. एकदा नुसते पाय बुडाले होते आणि हिने सगळ्या वर्गाला दप्तरं भरायला लावली. मी ओरडले खरी, पण माझंही दप्तर भरून झालं होतं.

त्यावरून मला एक सुचलंय. तू शाळेत आलास की रोज कुणी ना कुणी विचारणार, ‘कसा आहेस?’ दरवेळी काय सांगणार? मी विचारलं तर तू फक्त मारुतीचं पाणी सांग. पायापर्यंत म्हणजे आज ठीक आहे. कमरेपर्यंत म्हणजे वाईट वाटतंय, पण वर्गात बसतो. गळ्यापर्यंत म्हणजे मला बाहेर जायचंय. बोलायचं नसेल तर नुसता हात तिथे लाव, मला कळेल. वाचनालयाच्या बाईंना मी सांगून ठेवलंय. तू तिथे जाऊन बस, कुणी काही विचारणार नाही. वाटलं तर आरवला सोबत ने. सकाळी पायापर्यंत आणि दुपारी एकदम गळ्यापर्यंत असंही होईल. होऊ दे.

शाळेचं बाकी सगळं सोपं आहे. सोमवारी यायलाच हवं असं नाही. आलास तर मधल्या सुट्टीपर्यंत थांबलास तरी चालेल, बाबांना तसं सांगितलंय. घटक चाचणीचं मुख्याध्यापकांशी बोलले आहे, ती तुला या वेळी द्यायची नाही. तुझी जागा खिडकीशेजारी आहे तिथेच आहे. आरवने तुझ्यासाठी विज्ञानाच्या वहीत चित्रं काढून ठेवलीत. फुलाचे भाग त्याने जरा आपल्या मनाने वाढवलेत, ते आपण नंतर नीट करू.

मुलं कधी भलतंच विचारतील. ‘तुला भीती वाटली का,’ ‘तू रडलास का.’ उत्तर द्यावंसं वाटलं नाही तर ‘मला नाही सांगायचं’ एवढं म्हण, पुरे. आणि कुणी नव्याने विचारलं, ‘तुला भाऊ-बहीण किती?’ तर ‘एक ताई आहे’ म्हणालास तरी ते खरंच आहे, आणि ‘एक ताई होती’ म्हणालास तरी खरं आहे. त्या दिवशी जे तोंडात येईल ते सांग.

बुधवारी संक्रांत. तुमच्याकडे यंदा सण नाही, हे मला माहीत आहे. वर्गात मी तिळगूळ वाटणार आहे. तुला घ्यावासा वाटला तर घे, नाही तर मी तुझ्या वाटचा डब्यात ठेवीन. पतंगाचं आईला विचार. ताईची येवल्याची आसारी कपाटावर असेल, ती कुणाला देऊन टाकू नका असं मी आईला सांगितलंय. तुला या वर्षी उडवावासा वाटेल, पुढच्या वर्षी वाटेल, किंवा कधीच वाटणार नाही. तुझं तू ठरव. हसलास, खेळलास, पतंग काटलास आणि ओरडलास तरी ताईला विसरलास असं कुणी म्हणणार नाही, आणि म्हटलंच तर माझ्याकडे पाठव. फक्त नायलॉनचा मांजा नको. ती त्यावरून गच्चीवर सगळ्यांशी भांडायची.

या पत्राला उत्तर लिहायची गरज नाही. माझा नंबर आईकडे आहे. संध्याकाळी सहानंतर मी घरी असते, कधीही फोन कर. काही बोलायचं नसेल आणि नुसते अपूर्णांक विचारायचे असतील तरी कर.

तुझ्या,
बोरस्ते बाई

ता. क. ताईची पाचवीतली निबंधाची वही माझ्याकडे राहिली होती. दुतोंड्या मारुतीवर तिने चार पानं लिहिलीत आणि शुद्धलेखनाच्या भरपूर चुका केल्यात. वही तुमचीच आहे. तुला हवी असेल तेव्हा सांग, मी घेऊन येते.